नॉर्मलायझेशनची ५८ स्लाइडची पीपीटी: उजळणीच्या नोट्स कशा काढायच्या?

मागच्या_बाकावरून

नमस्कार मंडळी. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डीबीएमएसमधलं नॉर्मलायझेशन शिकवून झालं आणि सरांनी ५८ स्लाइडची पीपीटी ग्रुपवर टाकली. वर्गात सर फळ्यावर बरंच सोडवून दाखवायचे, ते पीपीटीत नाही. माझ्या वहीत त्यातलं अर्धंमुर्धंच उतरलंय.

मी सगळ्या स्लाइडचा मजकूर कॉपी करून वर्डमध्ये टाकला. तेवीस पानं झाली. वाचताना सगळं समजतंय असं वाटतं, पण जुनी प्रश्नपत्रिका उघडली आणि `R(A,B,C,D)` दिसलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. व्याख्या म्हणाल तर स्लाइडवर २एनएफखाली 'पार्शल डिपेंडन्सी नसावी' आणि ३एनएफखाली 'ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी नसावी', बस्स. वर आणखी एक ताप म्हणजे कॉपी केल्यावर बाणांच्या जागी `à` असं काहीतरी येतंय.

मला व्याख्या आणि सोडवलेली उदाहरणं असलेली चार-पाच पानं हवी आहेत. एंडसेम तोंडावर आहे. कसं करू?

रंगीबेरंगी

एका पानावर तीन स्लाइड असं हँडआउट छापून घे, बाजूला लिहायला रेघा येतात. मग पिवळ्या हायलायटरने व्याख्या, हिरव्याने उदाहरणं. मी पूर्ण सेमिस्टर असंच काढलं. छान दिसतं.

मागच्या_बाकावरून

छापायच्या नाहीत हो, त्यांच्यावरून नोट्स काढायच्या आहेत. :-)

नटबोल्ट

`à` चं कारण सांगतो. पॉवरपॉइंटमध्ये `-->` टाइप केलं की त्याचा आपोआप बाण होतो, पण तो बाण विंगडिंग्ज फाँटमधला असतो. त्या फाँटमध्ये `à` या अक्षराच्या जागी बाणाचं चित्र आहे. कॉपी करताना फाँट गळून पडतो आणि उघडं अक्षर राहतं. वर्डमध्ये सगळे `à` शोधून `→` ने बदल, दोन मिनिटांचं काम.

त्याहून वाईट भानगड क्लोजरच्या चिन्हाची. स्लाइडवर + हे चिन्ह वर चढवलेलं असतं, कॉपी केल्यावर ते खाली उतरतं. मग `AB+` म्हणजे AB या जोडीचं क्लोजर की नुसत्या B चं, हे कळायला मार्ग नाही. ती चिन्हं मूळ स्लाइड समोर ठेवून हाताने लिही आणि कंस घाल: `(AB)+`.

आणि पीडीएफ बघत असशील तर मूळ पीपीटी माग. ॲनिमेशनने एकावर एक येणारी टेबलं पीडीएफमध्ये सगळी एकदम उमटतात, खालची झाकली जातात. टेबल फोडतानाच्या पायऱ्या नेमक्या त्याच स्लाइडवर असतात. स्लाइड शो लावून एकेक क्लिक करत बघ.

खडू_आणि_डस्टर

मी हा विषय बरीच वर्षं शिकवलाय आणि पेपरही तपासलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट: पीपीटी क्रमाने उतरवू नकोस. पीपीटीचा क्रम शिकवण्यासाठी लावलेला असतो. उत्तर लिहायचा क्रम वेगळा असतो. आधी जुन्या प्रश्नपत्रिका काढ. नॉर्मलायझेशनवर फिरून फिरून चारच प्रकारचं विचारतात. दिलेल्या डिपेंडन्सींवरून सगळ्या कँडिडेट की शोधा. रिलेशन कुठल्या नॉर्मल फॉर्ममध्ये आहे ते सांगा. ३एनएफ किंवा बीसीएनएफपर्यंत फोडा. आणि फोडलेली टेबलं परत जोडली तर मूळ टेबल जसंच्या तसं मिळतं का, ते दाखवा. चार कोरी पानं घे, प्रत्येकाच्या डोक्यावर यातला एकेक प्रश्न लिही. मग पीपीटी चाळत प्रत्येक स्लाइडचा नुसता नंबर योग्य पानावर टाक. बऱ्याच स्लाइड एकच टेबल थोडं थोडं बदलत दाखवणाऱ्या निघतील, त्यांचा मिळून एकच नंबर. इन्सर्शन, डिलीशन आणि अपडेटच्या ॲनोमली हा थिअरीचा छोटा प्रश्न असतो, त्याला शेवटी अर्धं पान पुरे.

दुसरी गोष्ट व्याख्यांची, खरी मेख तिथे आहे. 'पार्शल डिपेंडन्सी नसावी' ही व्याख्या नाही, व्याख्येची आठवण आहे. ज्याला आधीच येतं त्याला ती पुरते. नोट्समधली व्याख्या अशी हवी की ती हातात धरून समोरच्या रिलेशनवर तपासणी करता आली पाहिजे. २एनएफची अशी लिही: कुठलाही नॉन-प्राइम ॲट्रिब्यूट कुठल्याही कँडिडेट कीच्या नुसत्या एका भागावर अवलंबून नसावा. यातल्या दुसऱ्या 'कुठल्याही'खाली रेघ मार. आणि त्याआधीच्या ओळीत, जो एकाही कँडिडेट कीमध्ये नाही तो नॉन-प्राइम, हे लिही. आता तुला कळेल की सगळ्या की सापडल्याशिवाय २एनएफला हातच लावता येत नाही. स्लाइडवरच्या ओळीतून हे कळत नाही, म्हणून प्रश्न समोर आला की सुरुवात सुचत नाही.

शॉर्टकट_सम्राट

सर, एवढं कशाला? मुलांना सोपं सांगा. प्रायमरी की एकाच कॉलमची असेल तर भाग पडणारच नाही, म्हणजे २एनएफ आपोआप. की जोडीची असेल तरच तपासायचं. आमच्या क्लासमध्ये हेच सांगायचे आणि आम्ही सगळे पास झालो.

खडू_आणि_डस्टर

निम्मं बरोबर आहे. *सगळ्या* कँडिडेट की एकेका कॉलमच्या असतील तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. नुसत्या प्रायमरी कीवरून म्हणाल तर फसाल. हेच उदाहरण नोट्समध्ये घालण्यासारखं आहे, म्हणून पूर्ण सोडवतो.

कॉलेजचं नोंदणीचं टेबल घ्या: नोंदणी क्रमांक, रोल नंबर, विषय, विद्यार्थ्याचं नाव, गुण. एका विद्यार्थ्याची एका विषयाला एकच नोंदणी.

```
R(eid, roll, course, sname, marks)
eid → roll, course
roll, course → eid, marks
roll → sname

(eid)+          = eid, roll, course, marks, sname
(roll, course)+ = roll, course, eid, marks, sname
(roll)+         = roll, sname
(course)+       = course
```

प्रायमरी की `eid` ठेवली. एकच कॉलम. शॉर्टकटप्रमाणे २एनएफ झालं, पुढे चला. पण क्लोजर बघा. `roll` आणि `course` या जोडीतूनही सगळं मिळतंय आणि दोघांपैकी एकट्याने मिळत नाही, म्हणजे ती जोडीसुद्धा कँडिडेट की आहे. `sname` कुठल्याच कीमध्ये नाही, म्हणून नॉन-प्राइम. आणि तो अवलंबून आहे नुसत्या `roll` वर, म्हणजे कीच्या एका भागावर. २एनएफ मोडलं.

व्यवहारात बघायचं तर एका मुलीने सहा विषय घेतले की तिचं नाव सहा ओळींत येणार आणि स्पेलिंग सुधारायचं झालं की सहा ठिकाणी सुधारावं लागणार. टेबलाला `eid` नावाचा कॉलम चिकटवला म्हणून ही पुनरावृत्ती जाते थोडीच?

आता फोडा: `(roll, sname)` आणि `(eid, roll, course, marks)`. दोन्हींत समान कॉलम `roll`, आणि तो पहिल्या टेबलाची की आहे, म्हणून जोडल्यावर मूळ टेबल नीट परत मिळतं. दुसऱ्या टेबलात बाणाच्या डावीकडे `eid` आहे किंवा `roll, course` आहे, दोन्ही की. म्हणजे ते थेट बीसीएनएफमध्येच गेलं.

शॉर्टकट_सम्राट

मान्य, पण अशी मुद्दाम अडकवणारी उदाहरणं परीक्षेत किती वेळा येतात? आठ मार्कांच्या प्रश्नात बहुतेक सरळच असतं.

खडू_आणि_डस्टर

सरळ असतं तेव्हा दोन्ही रस्ते एकाच उत्तराला पोचतात, त्यामुळे नोट्समध्ये सरळ उदाहरण कमी उपयोगाचं. स्लाइडवर ते आहेच. नोट्समध्ये असं उदाहरण घ्या की ज्यावर व्याख्येतला एक शब्द गाळला तर उत्तर बदलेल.

मागच्या_बाकावरून

सर, खूप आभार. काल रात्री कँडिडेट कीचं पान केलं. स्लाइड ३३ वर हे उदाहरण आहे: `R(A,B,C,D)`, डिपेंडन्सी `AB → C`, `C → D`, `D → A`. स्लाइडवर लिहिलंय, की `AB`. मी क्लोजर काढून बघितलं, `(AB)+` मध्ये चारही येतात. मग पुढे असं लिहिलं: C आणि D नॉन-प्राइम, `C → D` ही ट्रान्झिटिव्ह, म्हणून ३एनएफमध्ये नाही. बरोबर आहे ना?

खडू_आणि_डस्टर

`AB` की आहे हे बरोबर. ती एकटीच आहे का, हे कुणी सांगितलं?

कुठल्याच बाणाच्या उजवीकडे न येणारा ॲट्रिब्यूट आधी शोध. A येतो, C येतो, D येतो. B कुठेच येत नाही. म्हणजे B दुसऱ्या कुणाकडून मिळू शकत नाही, तो प्रत्येक कीमध्ये असणारच. नुसत्या B चं क्लोजर B, म्हणून एकट्याने भागत नाही. आता B ला एकेक जोडीदार देऊन बघ.

```
(AB)+ = A, B, C, D
(BC)+ = B, C, D, A
(BD)+ = B, D, A, C
```

तिन्ही की. आता चारही ॲट्रिब्यूट प्राइम झाले, नॉन-प्राइम उरलाच नाही.

३एनएफची तपासता येईल अशी व्याख्या लिही: प्रत्येक बाणासाठी, डावी बाजू सुपर की असावी, किंवा उजवीकडचा ॲट्रिब्यूट प्राइम असावा. दोन्हींपैकी एक पुरे. (उजवी बाजू डावीतच सामावलेली असेल, `AB → A` सारखी, तर तो बाण मोजायचा नाही.) `C → D` मध्ये C सुपर की नाही, पण D प्राइम आहे, चाललं. `D → A` मध्ये A प्राइम, चाललं. म्हणजे रिलेशन ३एनएफमध्ये *आहे*. बीसीएनएफमध्ये नाही, कारण तिथे 'किंवा'नंतरची सवलत मिळत नाही, डावी बाजू सुपर कीच लागते. दोन व्याख्या एकाखाली एक लिही आणि बीसीएनएफमध्ये ते अर्धं वाक्य खोडलेलं दाखव, फरक पाठ करावा लागणार नाही.

पेपर तपासताना हे सारखं दिसतं. नॉर्मल फॉर्मचं उत्तर चुकलेलं असतं, पण चूक झालेली असते दोन पायऱ्या वर, की शोधताना. तुझ्या स्लाइडवर 'की `AB`' म्हटलंय ते चुकीचं नाही. सरांनी फळ्यावर बाकीच्या काढल्याही असतील. वहीत बघ.

मागच्या_बाकावरून

वहीत कोपऱ्यात `BC`, `BD` असं लिहून गोल केलेला आहे. कशाचा ते आता कळलं!

दोन_मुलींची_आई

धागा वाचतेय. माझी मोठी मुलगी बी. फार्मला आहे, तिच्याकडेही फार्मकॉलॉजीच्या अशाच ढीगभर स्लाइड. औषधांच्या नुसत्या याद्या. त्यात सोडवलेलं उदाहरण कुठून आणायचं? तिला ही पद्धत चालेल का?

गोळी_आणि_चाटण

ताई, आमच्यात गणित नसतं, त्यामुळे उदाहरण म्हणजे एक रुग्ण. यादीत बीटा ब्लॉकर आले की मी खाली लिहायचे: रक्तदाब वाढलेला, शिवाय दमा आहे, प्रोप्रॅनोलॉल का नको? उत्तरात कुठला रिसेप्टर, तो फुप्फुसात बंद झाल्यावर श्वासनलिकेचं काय होतं, आणि मग पर्याय कोणता. बीटा-१ आणि बीटा-२ चा फरक त्या एका रुग्णावर पक्का होतो. पण सगळ्याच युनिटला असा रुग्ण सापडत नाही. वर्गीकरणाच्या याद्या शेवटी घोकाव्याच लागतात, त्याला इलाज मला तरी मिळाला नाही.

नटबोल्ट

एक विचारतो, हे सगळं टाइप करायचं की हाताने? माझं मत टाइप करा, नंतर भर घालता येते.

मागच्या_बाकावरून

मी हाताने करतेय. क्लोजर टाइप करायला फार वेळ जातो आणि पेपरात हातानेच लिहायचंय.

रंगीबेरंगी

आणि हायलायटर? :-)

खडू_आणि_डस्टर

रंगाबद्दल एकच सुचवतो. सोडवलेल्या उदाहरणात जिथे व्याख्या वापरली ती ओळ एका रंगात, बाकी आकडेमोड साध्या पेनाने. आणि उदाहरणाचा प्रश्न पानाच्या पुढच्या बाजूला, उत्तर मागच्या बाजूला. उत्तर डोळ्यांसमोर असलं की आपण सोडवत नाही, वाचत बसतो. तेवीस पानांचं तेच झालं होतं.

मागच्या_बाकावरून

बीसीएनएफच्या पानावर अडकलेय. स्लाइडवरचं उदाहरण: विद्यार्थी, विषय, शिक्षक. एका विद्यार्थ्याला एका विषयाला एकच शिक्षक, आणि प्रत्येक शिक्षक एकच विषय शिकवतो.

```
student, subject → teacher
teacher → subject
```

की दोन आल्या, `(student, subject)` आणि `(student, teacher)`. तिन्ही प्राइम, म्हणून ३एनएफ आहे. `teacher` एकटा की नाही, म्हणून बीसीएनएफ नाही. फोडून `(teacher, subject)` आणि `(student, teacher)` केलं. पण आता पहिली डिपेंडन्सी कुठल्याच टेबलात बसत नाही! पेपरात काय लिहायचं?

शॉर्टकट_सम्राट

बीसीएनएफ विचारलंय ना, मग फोडून मोकळी हो. जास्त लिहून मार्क मिळत नाहीत.

खडू_आणि_डस्टर

फोड, आणि खाली एक ओळ लिही की जोडणी शाबूत राहते, पण पहिली डिपेंडन्सी आता दोन टेबलं जोडल्याशिवाय तपासता येत नाही. म्हणजे एकाच विद्यार्थ्याच्या नावावर एकाच विषयाचे दोन शिक्षक नोंदवले गेले तर दोन्हीपैकी कुठलंच टेबल हरकत घेणार नाही. इथे तू फोडण्यात चुकलेली नाहीस. ३एनएफपर्यंत डिपेंडन्सी राखून नेहमी फोडता येतं, बीसीएनएफला ती हमी नाही.

टेबलफोड्या

मी नोकरीत डेटाबेसचंच काम करतो. आम्ही असं टेबल न फोडता ३एनएफलाच ठेवू आणि युनिक कन्स्ट्रेंट लावू. पेपरात 'इथे बीसीएनएफ करू नये' असंही लिहिता आलं पाहिजे.

खडू_आणि_डस्टर

नोकरीत ठीक. प्रश्नात 'बीसीएनएफपर्यंत न्या' असेल आणि नेलं नाही, तर मी मार्क कापले असते.

टेबलफोड्या

मग प्रश्नच चुकीचा आहे असं मी म्हणेन. असो, तुमचं-माझं यावर जमणार नाही.

मागच्या_बाकावरून

दोन्ही लिहिते, आधी फोडलेलं, मग सरांची ओळ. :-)

आता शेवटची शंका. स्लाइड ४७ वर डिपेंडन्सी दिलेल्याच नाहीत, नुसतं चार ओळींचं टेबल आहे आणि खाली थेट लिहिलंय की शहरावरून पिनकोड कळतो, म्हणून ट्रान्झिटिव्ह. चारही ओळींत तसं दिसतंय खरं. नोट्समध्ये हे कसं लिहू?

नटबोल्ट

आमच्या पुण्यातच किती पिनकोड आहेत! त्या टेबलात पाचवी ओळ कोथरूडची टाकली की डिपेंडन्सी गेली.

खडू_आणि_डस्टर

अगदी. टेबलातल्या ओळींवरून डिपेंडन्सी खोटी आहे हे दाखवता येतं, खरी आहे हे नाही. ती व्यवहाराच्या नियमातून येते, डेटातून नाही. ते उदाहरण नोट्समध्ये घेऊ नकोस. त्याऐवजी उलट बाजूने घे: पिनकोडवरून शहर कळतं, असं प्रश्नात सांगितलंय असं धर आणि मग सोडव.

पेपरात नुसतं टेबलच आलं तर उत्तराच्या पहिल्या ओळीत 'मी पुढील डिपेंडन्सी गृहीत धरत आहे' असं लिहून त्या मांड आणि मग सोडव. गृहीतक वाजवी असेल तर तपासणारा त्यावरूनच पुढचं तपासतो. निदान मी तरी तसंच करायचो. स्लाइड ४७ बद्दल मात्र तुझ्या सरांनाच विचार, त्यांनी वर्गात काही नियम सांगितला असेल आणि तो स्लाइडवर आला नसेल.

मागच्या_बाकावरून

विचारते उद्या. जोडणी तपासायचं चौथं पान अजून कोरं आहे, ते झालं की फोटो टाकते.